दसऱ्याची तयारी ज्येष्ठात

दसऱ्याच्या दिवशी जालना रोडवरच्या शोरूमसमोर नव्या मोटारसायकली ओळीने उभ्या असतात. प्रत्येकीच्या हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू आणि बाजूला नारळ घेऊन उभे असलेले एखादे कुटुंब. घेणाऱ्याला वाटते की आपण आज गाडी घेतली. ते खरेही आहे. पण त्या गाडीच्या साइड स्टँडची नळी वाळूजमधल्या एखाद्या छोट्या शेडमध्ये ज्येष्ठ महिन्यातच, पाऊस नीट सुरू व्हायच्या आधी, येऊन पडलेली असते. ती वेळेवर यावी आणि पुढे तिच्यावर जस्ताचा मुलामा वेळेवर चढावा, यासाठी कोणीतरी कोणाकडे तरी जाऊन 'माझी जागा राखून ठेवा' असे म्हटलेले असते. या म्हणण्याविषयी मला लिहायचे आहे. बँकेतल्या नोकरीमुळे अशी बोलणी मी बरीच वर्षे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने ऐकली.

१९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि तेव्हाच्या औरंगाबादचा चेहरा बदलला. मोठ्या कारखान्याभोवती सुटे भाग करणाऱ्यांची पहिली फळी उभी राहिली, तिच्यामागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी. तिसऱ्या फळीत प्लेटिंगवाले, स्प्रिंग वळणारे, नळी कापून देणारे. त्या काळात सणाच्या गर्दीचा प्रश्न आजच्यासारखा नव्हता, कारण स्कूटरसाठी गिऱ्हाईकच वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेले असे. वडिलांनी नंबर लावावा आणि मुलाच्या लग्नात स्कूटर यावी, हा विनोद नव्हता. बारा महिने जेवढे बनेल तेवढे खपत होते, त्यामुळे पुरवठादाराचे वर्षही सपाट असे. पुढे स्पर्धा आली, नंबर गेले, गिऱ्हाईक मुहूर्त बघून दुकानात येऊ लागले, आणि वर्षाच्या मध्यावर दोन-अडीच महिन्यांचा एक डोंगर उभा राहिला.

डोंगराची चढण उलटी मोजावी लागते. दसऱ्याला विकायची गाडी वितरकाकडे पितृपक्षातच येऊन उभी असते, कारण त्या पंधरवड्यात कोणी गाडी घेत नाही आणि घटस्थापनेला एकदम घेतात. म्हणजे ती कारखान्यातून भाद्रपदाच्या मध्यापर्यंत निघायला हवी. तिचे सुटे भाग त्याच्या काही दिवस आधी, त्यांचे प्लेटिंग श्रावणात, आणि लोखंडाची ऑर्डर, वितरकाकडून माल यायला तीन आठवडे धरले तर, आषाढाच्या आत. इथे पंचांग मुद्दाम आणले आहे. उद्योजक मागच्या वर्षीच्या महिन्याशी या वर्षीचा महिना ताडून बघतात आणि तिथेच फसतात. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे तो २० ऑक्टोबरला येतो. अठरा दिवसांचा फरक. मागच्या सप्टेंबरचे आकडे या सप्टेंबरला लावले तर सगळे गणित पंधरवड्याने आधी पडते, माल आधी तयार होतो, आणि आधी तयार झालेला माल म्हणजे अडकलेला पैसा.

माझ्या ओळखीच्या एका उद्योजकाचे उदाहरण घेतो. त्याचे नाव लिहीत नाही आणि आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून गोल केले आहेत. हा गृहस्थ साइड स्टँड करतो. नळी कापायची, वाकवायची, तिला पट्टी वेल्ड करायची आणि बाहेरून झिंक प्लेटिंग करून आणायचे. एरवी महिन्याला तीस हजार नग, सणाच्या आधीचे दोन महिने बेचाळीस हजार. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस धरले तर रोजचे बाराशे नग सोळाशे ऐंशी होतात. त्याच्या स्वतःच्या शेडमध्ये हे जमते, तासभर ओव्हरटाइम केला की झाले. अडते ते बाहेर, प्लेटिंगच्या टाक्यांपाशी.

प्लेटिंगच्या लाइनवर नग दांड्यावर टांगतात. एका दांड्यावर साठ नग, आणि दर दहा मिनिटांनी एक दांडा बाहेर पडतो. म्हणजे तासाला तीनशे साठ. दहा मिनिटांचे आठ करता येत नाहीत असे नाही, पण मग मुलामा पातळ बसतो, जाडी मापात येत नाही, आणि मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत नग लाल होतो. टाक्याही सहज वाढवता येत नाहीत, कारण सांडपाणी किती सोडायचे याची मर्यादा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात लिहिलेली असते. एवढ्या टाक्या, एवढे तास, एवढेच पाणी. आणि त्या टाक्यांवर आमच्या गृहस्थासारखे आणखी आठ-दहा जण आपापले नग घेऊन येतात. सणाचा डोंगर सगळ्यांचा एकाच वेळी येतो.

म्हणून मागणी नगांत न करता तासांत करावी, हे त्याने फार लवकर ओळखले. बाराशे नग म्हणजे लाइनचे तीन तास वीस मिनिटे. सोळाशे ऐंशी म्हणजे चार तास चाळीस मिनिटे. मागायचे आहेत ते रोजचे जादा एक तास वीस मिनिटे. असे मांडले की प्लेटिंगवाल्यालाही ते दिसते. 'या वर्षी जरा जास्त माल येईल हं' या वाक्यातून त्याला काहीच दिसत नाही.

तरीही 'हो' हा शब्द फसवा असतो. एका प्लेटिंगवाल्याने मला एकदा स्पष्टच सांगितले होते, "साहेब, जूनमध्ये हो म्हणायला माझं काय जातं? नाही म्हटलं तर पार्टी दुसरीकडे जाते. हो म्हटलं तर निदान अर्धा माल तरी माझ्याकडे येतो." त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. त्याला दरवर्षी दहा जण दीडपट माल सांगतात आणि प्रत्यक्षात चौघांचा येतो. तोही मग मनातल्या मनात सगळ्यांच्या आकड्याला कात्री लावतो. ते ठाऊक असल्यामुळे सांगणारा आकडा आणखी फुगवतो. वितरकाने दहा टक्के जास्त मागितले, कारखान्याने त्यावर दहा टक्के चढवले, पहिल्या फळीने दहा आणि दुसऱ्या फळीने दहा, की तळाच्या माणसापर्यंत शंभराचे जवळजवळ एकशे सेहेचाळीस झालेले असतात आणि शोरूममध्ये गिऱ्हाईक मात्र शंभरच. प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या बड्या कंपनीला लहान मुलांच्या लंगोटांच्या व्यवहारात हेच आढळले होते. बाळे तेवढीच, पण मागे जावे तसतशी मागणी हेलकावे घेत जाते. जाणकार याला चाबकाची उपमा देतात. मूठ जराशी हलते, शेपटी कडाडते. आपल्याकडे त्या शेपटीवर बसलेला माणूस तिसऱ्या फळीतला असतो.

आमच्या गृहस्थाने यावर काढलेला तोडगा म्हणजे एक पानभर पत्र. मोठ्या कारखान्यांचे शेड्यूल त्याने प्लेटिंगवाल्यापर्यंत नेले, एवढेच. मोठे कारखाने एक उघडी ऑर्डर देऊन ठेवतात आणि दर महिन्याला शेड्यूल पाठवतात. चालू महिन्याचा आकडा पक्का, पुढच्या दोन महिन्यांचे अंदाजी. गोम त्या 'अंदाजी' शब्दात आहे, कारण अंदाजी आकड्यावर लोखंड घ्यावे लागते आणि अंदाज चुकला तर लोखंड कोणाचे, हे सहसा कुठेच लिहिलेले नसते. त्याच्या पत्रात ते लिहिलेले आहे. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत रोज किती तास हवेत. त्यांतले किती पक्के आणि किती अंदाजी. बदल असेल तर सात दिवस आधी कळवणार. सात दिवसांच्या आत काम कमी केले तर राखलेल्या तासांचे अर्ध्या दराने पैसे देणार. जादा नग टांगायला लागणारे जिग तो स्वतः करून देणार. आणि सणाच्या दोन महिन्यांचे बिल पंधरा दिवसांत चुकते करणार. या सगळ्या बदल्यात त्याची एकच अट. तेवढ्या तासांत दुसऱ्या कोणाचा दांडा लाइनवर चढता कामा नये.

अर्धा दर म्हणजे किती, हेही सांगतो. नगामागे चार रुपये मजुरी धरली तर जादा चारशे ऐंशी नगांचे अर्ध्या दराने दिवसाला नऊशे साठ रुपये. जागा रिकामी गेली तरी भरायचे भाडे एवढेच. पण हे नऊशे साठ रुपये कागदावर आल्याबरोबर दोन्हीकडचे आकडे खरे होतात. मागणाऱ्याला उगाच फुगवणे महाग पडते आणि देणाऱ्याला 'हो' म्हणण्याची किंमत मिळते. नुसत्या तोंडी विनवणीत दोघांनाही काही गमवायचे नसते, म्हणून ती पाळलीही जात नाही.

एखादा विचारील की एवढी यातायात कशाला, मे-जूनमध्येच नग करून गोदामात का ठेवू नयेत? ठेवावेत, पण कुठल्या अवस्थेत ठेवावेत याला महत्त्व आहे. जस्ताचा ताजा मुलामा पावसाळी दमट हवेत बांधून ठेवला की त्यावर पांढरी भुकटी धरते. तिला पांढरा गंज म्हणतात. जुलैत प्लेटिंग करून पोत्यात भरलेला नग सप्टेंबरमध्ये उघडावा तर पीठ सांडल्यासारखा दिसतो, आणि मग तो तपासणीतून परत येतो. कोरड्या खोलीत, हवा खेळती ठेवून तीन आठवडे काढता येतात. त्याहून पुढे जोखीम. वेल्ड केलेला काळा नग तर त्याहून लवकर गंजतो. म्हणून साठा करायचा तो कापलेल्या, तेल लावलेल्या नळ्यांचा. शिवाय नळी वाकवेपर्यंत ती कोणत्याही मॉडेलला चालते, वाकवली की एका मॉडेलची होते. साठा जितका अलीकडच्या टप्प्यावर थांबवावा तितका तो कोणाच्याही कामाचा राहतो. पुढच्या टप्प्यांसाठी मात्र साठा नाही, जागाच राखावी लागते.

याची उलट बाजू मी एका गोदामात पाहिली आहे. कर्ज तपासणीसाठी गेलो होतो. स्टॉक स्टेटमेंटमध्ये तयार माल म्हणून बरीच मोठी रक्कम दाखवली होती आणि माल खरोखरच होता, छतापर्यंत. पण पोत्यांवरच्या चिठ्ठ्या सात-आठ महिन्यांपूर्वीच्या, आणि वरचे पोते उघडले तर आत पांढरे. वरच्या फळीतल्या एका पुरवठादाराने जूनमध्ये फोनवर सांगितले होते, 'बनवून ठेव, सगळा उचलतो.' मधे त्या भागाची रचना बदलली. कागद नव्हता. फोनवरचे बोलणे बँकेत तारण होत नाही. त्या माणसाने घराच्या मजल्याचे काम थांबवून व्याज भरले. पुढच्या वर्षी खाते थकले आणि शेड विकली गेली. बनवणाऱ्याचा कामात काहीच दोष नव्हता, माल मापात होता. 'उचलतो' हे क्रियापद तेवढे बिनतारखेचे होते.

आता पैशाकडे वळू, कारण लोखंडवाला पत्राने जागा राखत नाही, तो रोख मागतो. एका नगाला कचऱ्यासकट चारशे ग्रॅम लोखंड धरा. बारा हजार जादा नगांना महिन्याला ४.८ टन. किलोला सत्तर रुपये धरले तर तीन लाख छत्तीस हजार, आणि दोन महिन्यांचे सहा लाख बहात्तर हजार. बँक यावर पंचवीस टक्के मार्जिन सोडून पाच लाखांच्या आसपास उचल देईल, पण माल उधारीवर आणलेला असेल तर ती उधारी आधी वजा होते आणि ड्रॉइंग पॉवर वाढतच नाही. पुष्कळांना हे जूनमध्ये काउंटरवर कळते. गोदामात माल वाढला, मग उचल का वाढत नाही, म्हणून ते भांडतात.

दुसरी अडचण मुदतीची आहे. उद्योजक ऐन वेळी तात्पुरती वाढीव मर्यादा मागतो आणि ती बहुधा नव्वद दिवसांची मिळते. २० जूनला घेतली तर १८ सप्टेंबरला संपते. पण त्या लोखंडाचे पैसे केव्हा येणार? नग ऑगस्टअखेर गेला, त्यावर पंचेचाळीस दिवस, म्हणजे ऑक्टोबरचा मध्य. परतफेडीची तारीख आधी, वसुली नंतर. धंदा उत्तम चालला असताना खाते अनियमित होण्याचे हे नेहमीचे कारण. यावर उपाय जुनाच आहे. वार्षिक नूतनीकरणाच्या वेळीच हंगामी आणि बिगरहंगामी अशा दोन मर्यादा मंजूर करून घ्याव्यात आणि हंगामी मर्यादा जून ते ऑक्टोबर अशी लिहून घ्यावी. त्यासाठी मॅनेजरला मागच्या तीन वर्षांची महिनावार विक्री आणि मुख्य गिऱ्हाइकाचे शेड्यूल दाखवावे लागते. हे काम मार्चमध्ये करायचे असते, जूनमध्ये नव्हे.

पंचेचाळीस दिवसांचा उल्लेख केला तो २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यातला आहे. लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे त्याहून जास्त थांबवता येत नाहीत, आणि थांबवले तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. कायदा हाताशी असला तरी चालू गिऱ्हाइकावर तो वापरायला फारसे कोणी धजत नाही. आयकर कायद्यात नंतर अशी तरतूद आली की मुदतीत न दिलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. तिने मात्र काही दारे उघडली असे ऐकतो.

आमच्या गृहस्थाच्या पत्राची खरी परीक्षा २०२५ साली झाली. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून वस्तू व सेवा कराचे दर बदलण्याची घोषणा केली. ३ सप्टेंबरला परिषदेने निर्णय घेतला की ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर येईल, आणि तो लागू होणार २२ सप्टेंबरपासून. २२ सप्टेंबर म्हणजे घटस्थापना. गाडी स्वस्त होणार हे समजल्यावर आधी कोण घेणार? गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, एरवी त्या आठवड्यात बरी विक्री होते. ती थांबली. आमच्या गृहस्थाचे शेड्यूल ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कापले गेले आणि रोजची गरज सोळाशे ऐंशीवरून नऊशेवर आली.

राखलेल्या तासांचे काय करावे, हा प्रश्न दहा कामाच्या दिवसांचा होता. सगळे तास चालवून माल साठवावा, तर रोज सातशे ऐंशी नग, म्हणजे दहा दिवसांत सात हजार आठशे. पाऊस कोसळत असताना तेवढ्यांना कोरडी जागा नव्हती. सगळे तास सोडावेत, तर ती जागा दुसरा घेणार आणि घटस्थापनेला ती परत मिळणार नाही. त्याने मधला मार्ग काढला. रोज बाराशे नग प्लेटिंगला पाठवले. नऊशे कारखान्याला गेले आणि तीनशे कोरड्या खोलीत ठेवले. उरलेल्या चारशे ऐंशींचे अर्ध्या दराने पैसे भरले, दिवसाचे नऊशे साठ, दहा दिवसांचे नऊ हजार सहाशे. "नऊ हजार पाण्यात," असे घरच्यांनी म्हटल्याचे त्यानेच मला सांगितले.

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात शेड्यूल उसळले आणि रोजची मागणी दोन हजारांवर गेली. लाइनवर त्याची जागा सोळाशे ऐंशीची होती आणि ती त्याला पूर्ण मिळाली, कारण ती त्याने रिकामी असतानाही सोडली नव्हती. शेजारच्या एकाने ऑगस्टमध्ये आपली जागा सोडली होती, त्याला रात्री दोनचा नंबर मिळाला. रोज कमी पडणारे तीनशे वीस नग कोरड्या खोलीतून आले. तीन हजारांचा साठा नऊ दिवस पुरला. त्यांतले चाळीसेक नग पांढरे पडून बाद झाले.

तरी एक गोष्ट त्याच्या पत्रात नव्हती, आणि ती म्हणजे माणसे. वाळूजच्या शेडमध्ये काम करणारी निम्मी पोरे आसपासच्या गावांतली. सोयाबीनची काढणी नेमकी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, तेव्हा ती सुट्टी घेणारच. बिहार, उत्तर प्रदेशातले कारागीर दिवाळीला गेले की छठ झाल्यावर येतात. मागणी शिखरावर आणि हात कमी, हे इथे दरवर्षीचे. त्या वर्षी तर सप्टेंबरअखेर मराठवाड्यात पुराने हाहाकार केला. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले, रस्ते तुटले, वेल्डिंगवरची दोन मुले तीन दिवस येऊच शकली नाहीत. कर कमी झाल्याने जी गाडी हाताशी आली होती, ती या जिल्ह्यांतल्या कित्येक घरांच्या हातून पुराने काढून घेतली. शहरातल्या शोरूममध्ये रांग आणि तालुक्याच्या गावातल्या दुकानात शुकशुकाट, असा तो दसरा होता. कारखान्याचे शेड्यूल देशभरची बेरीज दाखवते, तिच्यात हे दिसत नाही.

काही वस्तूंची जागा मात्र कितीही आधी मागितली तरी राखता येत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर बंधने घातली आणि विजेवरच्या दुचाकींचे मोटार करणारे अडचणीत आले. ऑगस्टमध्ये चेतकचे उत्पादन शून्यावर येऊ शकते, असे राजीव बजाज यांनी जुलैत जाहीरपणे सांगितले होते. तिथे आगाऊ रक्कम किंवा पानभर पत्र काय करणार? परवाना देणारा पुरवठादार नसतोच.

साइड स्टँडवाल्याने त्या अनुभवानंतर पत्रात दोन कलमे वाढवली. वेल्डिंगच्या मुलांची काढणीची सुट्टी पाळीपाळीने ठरवून ती आधीच लिहायची, आणि त्या आठवड्यांत नगांचा आकडा तेवढा कमी धरायचा. दुसरे कलम प्लेटिंगवाल्याने घालायला लावले. हंगामाच्या आधी टाक्या रिकाम्या करून धुवायला, गाळ काढायला त्याला सलग दोन दिवस लागतात आणि ते दोन दिवस कोणी देत नाही. तेव्हा पत्रात त्याची तारीख आधी लिहायची, मग याचे तास. २०२६ चा दसरा उशिराचा असल्यामुळे ती धुलाई त्यांनी जुलैच्या अखेरीस धरली.